जागा संस्थेची, गाडी सभासदाची

सोसायटीच्या आवारात सहा-आठ महिने एक गाडी एकाच जागी उभी असते. चारही टायर बसलेले, काचेवर धुळीचा थर, बॉनेटच्या फटीत वाळलेला पाला. वेटिंग लिस्टवरचे मेंबर रोज तिच्याकडे बोट दाखवतात. शेवटी कमिटीच्या मीटिंगमध्ये आवाज चढतो आणि सेक्रेटरी लेटरहेडवर चार ओळी लिहून देतो : ‘आपली भंगार गाडी सात दिवसांत हटवावी. अन्यथा संस्था ती उचलून भंगारात विकेल व येणारा सर्व खर्च आपल्याकडून वसूल करेल.’

अशा नोटिसा मुंबई, ठाणे, पुण्यातल्या असंख्य नोटीस बोर्डांवर लागलेल्या दिसतात. त्यांनी गाडी हलत नाही, भांडण मात्र वाढतं. याचं कारण त्या चार ओळींतच आहे. ज्याचा अधिकार संस्थेकडे नाही, त्याची धमकी त्यात दिलेली असते. आणि जो अधिकार खरोखर आहे, त्याचा उल्लेखच नसतो.

अधिकार आहे तो जागेवर. आवार, स्टिल्ट, मोकळी जागा यांचा वापर कसा व्हावा हे सर्वसाधारण सभा ठरवते आणि कमिटी ते अमलात आणते. गाडी मात्र आरसी बुकावर ज्याचं नाव आहे त्याची. ती गंजलेली असो, पंक्चर असो, पंधरा वर्षं उलटून गेलेली असो, मालकी बदलत नाही. संस्थेने ती परस्पर विकली तर दुसऱ्याची मालमत्ता विकली असाच त्याचा अर्थ होतो. पोलिसांत तक्रार झाली की सेक्रेटरी आणि चेअरमन आरोपी म्हणून उभे राहतात आणि ज्याच्या विरुद्ध नोटीस काढली तो फिर्यादी होतो. चाकाला साखळी किंवा क्लॅम्प लावण्याचा अधिकारही आदर्श उपविधी कमिटीला देत नाहीत. दंड द्या, मग गाडी सोडतो, हा मार्ग पुढे सहकार न्यायालयात संस्थेच्याच अंगावर येऊ शकतो.

रात्रीतून चार जणांनी धक्का मारून गाडी गेटबाहेर रस्त्यावर नेऊन लावण्याचेही प्रकार होतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून जास्त बेवारस सोडलेलं वाहन गणवेशातला पोलीस अधिकारी उचलायला सांगू शकतो. त्यामुळे सोसायटीबाहेर काढलेली गाडी दुसऱ्या दिवशी टो होते, आणि ती तिथे कोणी नेली याचं सीसीटीव्ही चित्रण सोसायटीच्याच कॅमेऱ्यात असतं. हेच कलम सोसायटीच्या बंद आवारात का लागू होत नाही, असा प्रश्न अनेक सेक्रेटरी पोलीस चौकीत जाऊन विचारतात. आवार ही खासगी जागा आहे आणि कलम सार्वजनिक जागेपुरतं आहे, हे त्याचं उत्तर. गाडी कोणाचीच नसेल, गेटच्या रजिस्टरमध्ये नोंद नसेल, एकही मेंबर ‘माझी’ म्हणत नसेल, तर मात्र जवळच्या पोलीस ठाण्याला नंबर आणि फोटोसह लेखी कळवायलाच हवं. ती चोरीची असू शकते.

तेव्हा नोटिशीचा रोख जागेकडे हवा. आणि इथे बहुतेक सेक्रेटरी एक पायरी गाळतात. सर्व जागा सारख्या नसतात.

पहिला प्रकार सोपा. गाडी पाहुण्यांच्या जागेत, येण्याजाण्याच्या वाटेत, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर किंवा अग्निशमनाच्या गाडीसाठी मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यात उभी आहे. तिथे उभं राहण्याचा हक्क त्या सभासदाला कधी मिळालेलाच नव्हता. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली इमारतीची आग विझवण्याची यंत्रणा ठीक असल्याचा दाखला दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो. उद्या बंब आत येऊ शकला नाही तर जबाब कमिटीला द्यायचा आहे. अशा जागेसाठी नोटीस कडक आणि मुदत छोटी असली तरी चालते.

दुसऱ्या प्रकारात गाडी त्या सभासदाला वाटप झालेल्या जागेवरच आहे आणि पार्किंगचे पैसे तो दर महिन्याच्या बिलात भरतो. इथे ‘गाडी हटवा’ म्हणायला आधार शोधावा लागतो. २०१४ च्या आदर्श उपविधींमध्ये ७८ क्रमांकापासून पुढे पार्किंगचं प्रकरण आहे. ज्याच्याकडे वाहन आहे तो जागेसाठी पात्र, जागा कमी आणि अर्जदार जास्त असले तर चिठ्ठ्या टाकून वाटप, जागा विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, शुल्क सर्वसाधारण सभेने ठरवायचं, असं त्यात आहे. वाहन चालू स्थितीत असलं पाहिजे, असं मात्र कुठेही लिहिलेलं नाही. ‘वाहन आहे’ एवढीच अट, आणि बंद पडलेली गाडीही वाहनच. म्हणून ज्या सोसायटीने सर्वसाधारण सभेत पार्किंगचे स्वतःचे नियम केलेले नाहीत, तिची नोटीस या दुसऱ्या प्रकारात लंगडी पडते.

तिसरा प्रकार करारनाम्यात बंदिस्त किंवा आच्छादित पार्किंग मिळालेल्या सभासदाचा. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी दहिसरच्या पांचाळी सोसायटीच्या खटल्यात स्पष्ट केलं, की बिल्डरला स्टिल्ट आणि मोकळी जागा सदनिकेसारखी वेगळी विकता येत नाही, ती सामाईक आहे. त्यामुळे ‘मी बिल्डरला पैसे मोजलेत’ एवढ्यावर स्टिल्टमधली जागा कोणाच्या मालकीची होत नाही. पण भिंती आणि शटर असलेलं गॅरेज किंवा रेरानंतरच्या करारात नमूद केलेलं आच्छादित पार्किंग असेल तर कागद वाचल्याशिवाय नोटीस काढू नये. अशा ठिकाणी गाडी वापरात नाही, एवढंच कारण पुरत नाही. डास, गळणारं तेल, शेजारच्या जागेवर आलेलं अतिक्रमण असा प्रत्यक्ष उपद्रव दाखवावा लागतो.

सगळ्यात जास्त अडतं ते दुसऱ्या प्रकारात, म्हणून त्याचंच एक कल्पित पण अगदी नेहमीच्या तपशिलांचं उदाहरण घेऊ.

ठाण्यातली ४८ सदनिकांची सोसायटी. स्टिल्टमध्ये ३० जागा, वेटिंग लिस्टवर ११ मेंबर. १७ नंबरच्या जागेवर जून २००७ मध्ये नोंदलेली पेट्रोलची छोटी गाडी. ती घेणारे गृहस्थ २०२१ मध्ये वारले. सदनिका पत्नीच्या नावे झाली, पार्किंगची जागाही त्यांच्याकडे राहिली. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला. गाडी तेव्हापासून जागची हललेली नाही.

या सोसायटीने पहिलं काम केलं ते नियमाचं. १४ सप्टेंबर २०२५ च्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत पार्किंग नियमांचा विषय आधी छापून तो मंजूर करून घेतला. ‘ऐन वेळच्या विषयात’ असे ठराव घुसवले की पुढे तेच पहिलं भोक पडतं. ठरावात होतं ते असं : वाटप झालेल्या जागेवरचं वाहन सलग ९० दिवस हललं नाही आणि सभासदाने कारण लेखी कळवलं नाही, तर ते वापरात नसलेलं धरलं जाईल, आजारपण, परदेशवास किंवा न्यायालयातलं प्रकरण असं कारण कळवल्यास कमिटी मुदत वाढवून देईल, अन्यथा नोटीस आणि सुनावणीनंतर जागेचं वाटप रद्द करता येईल.

न्यायालयाचं कारण ठरावात उगाच घातलेलं नव्हतं. अपघाताच्या किंवा फौजदारी गुन्ह्यात जप्त झालेली गाडी मालकाला सुपुर्तनाम्यावर परत मिळते. खटला संपेपर्यंत ती विकणार नाही, तिच्यात बदल करणार नाही, मागाल तेव्हा हजर करेन, असं त्याने न्यायालयाला लिहून दिलेलं असतं. अशा मालकाला ‘भंगारात द्या’ सांगणं म्हणजे त्याला न्यायालयाच्या अटी मोडायला सांगणं. बाहेरून बघणाऱ्याला मात्र तीही एक खटारा गाडीच दिसते.

दुसरं काम पुराव्याचं. ‘सगळ्यांना माहीत आहे, कधीपासून पडून आहे’ हा पुरावा होत नाही. सेक्रेटरीने वॉचमनला बरोबर घेऊन १ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर, १ डिसेंबर आणि १ जानेवारी असे चार दिवस त्याच कोनातून फोटो काढले. त्यात टायरची हवा भरायची तोटी नीट दिसेल असं पाहिलं. चाक फिरलं की तोटीची जागा बदलते. गाडी बाहेर काढून पुन्हा तिथेच लावली तरी तोटी नेमक्या त्याच जागी येणं फार अवघड. चारही फोटोंत पुढच्या डाव्या चाकाची तोटी घड्याळातल्या साधारण चाराच्या जागी होती. १ ऑक्टोबर ते १ जानेवारी म्हणजे ९२ दिवस. गेटच्या रजिस्टरमध्येही या नंबरची गाडी बाहेर गेल्याची नोंद नव्हती. टायरच्या बाजूच्या भिंतीला पडलेल्या भेगा, गाडीखाली साचलेलं तेल आणि डिकीच्या कडेला साठलेलं पाणी यांचेही वेगळे फोटो घेतले.

साठलेल्या पाण्याचा फोटो वरवर किरकोळ वाटतो, पण नोटिशीत तोच सगळ्यात भारी. डेंग्यू पसरवणारा एडिस डास वाटीभर स्वच्छ पाण्यातही अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून उडणारा डास तयार होतो. त्याची अंडी कोरड्या पृष्ठभागावर काही महिने तग धरतात. पाऊस पडला की पुन्हा फुटतात. म्हणून ‘पावसाळा संपला, आता कसले डास’ हा युक्तिवाद टिकत नाही. मुंबईत अशा साठलेल्या पाण्याबद्दल महापालिकेचं कीटकनाशक खातं सोसायटीला नोटीस देतं आणि दंडही करतं, मग पाणी कोणाच्या का गाडीत असेना. गाडी सीएनजीवरची असेल तर आणखी एक गोष्ट बघायची : सिलिंडरची दर तीन वर्षांनी तपासणी व्हावी लागते, तिची तारीख सिलिंडरला लावलेल्या पट्टीवर असते. वर्षानुवर्षं बंद गाडीत ती तारीख केव्हाच उलटलेली असते.

तिसरी पायरी नोटिशीआधीची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. सेक्रेटरीने घरी जाऊन बसावं आणि गाडी का हलत नाही ते विचारावं. लोक हट्टाने गाडी ठेवतात असा आपला समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक जण कागदांत अडकलेले असतात. आपल्या उदाहरणातलं संभाषण असं झालं.

‘काकू, गाडीचे कागद आहेत ना घरात?’

‘आरसी बुक कपाटात आहे रे. पण ते ह्यांच्या नावावर आहे. मागे एक भंगारवाला आला होता, बारा हजार देतो म्हणाला. मुलगा म्हणाला, कागद नीट झाल्याशिवाय देऊ नको. मग राहूनच गेलं.’

‘कर्ज होतं का गाडीवर?’

‘होतं, पण ते ह्यांनी केव्हाच फेडलं.’

सेक्रेटरीने एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून पाहिला तेव्हा तीन गोष्टी दिसल्या. नोंदणी जून २०२२ मध्ये संपली होती, विमा त्याच्याही आधी, आणि बँकेचा बोजा अजून तसाच होता. कर्ज फिटलं की बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचं ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ आरटीओत द्यावा लागतो, आणि ते हजारो लोक करतच नाहीत.

आता हिशोब बघा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासूनच्या केंद्राच्या दरांनुसार या वयाच्या खासगी चारचाकीला नूतनीकरणाचे ५,००० रुपये, आणि उशीर झाल्यास दर महिन्याला ५०० रुपये जादा. जून २०२२ ते जानेवारी २०२६ म्हणजे ४३ महिने, म्हणजे २१,५०० रुपये. दोन्ही मिळून २६,५०० रुपये. त्यावर राज्याचा पर्यावरण कर, नवे टायर, बॅटरी, मेकॅनिकचं बिल वेगळं. भंगाराच्या भावाच्या दुप्पट खर्च फक्त गाडी कागदावर जिवंत करायला, म्हणून कोणी ते करत नाही. आणि दर महिन्याला ५०० ने आकडा वाढतो म्हणून पुढच्या महिन्यात ते आणखी कठीण होतं. अशा घराला ‘गाडी चालू करा किंवा हटवा’ म्हणणारी नोटीस काहीच सांगत नाही. त्यांना हवी असते ती वाट.

ती वाट २०२१ च्या वाहन भंगार केंद्रांविषयीच्या केंद्रीय नियमांनी आखून दिली आहे. सरकारकडे नोंदणी झालेल्या भंगार केंद्रात गाडी दिली की दोन कागद मिळतात. गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र लगेच, आणि ती तोडल्याचं प्रमाणपत्र नंतर. पहिल्याच्या जोरावर नवी खासगी गाडी घेताना वाहनकरात सवलत मिळू शकते. केंद्राच्या नियमांत ती २५ टक्क्यांपर्यंत असू शकते, प्रत्यक्ष दर राज्य ठरवतं. दुसऱ्याने आरटीओतली नोंदणी रद्द होते, आणि घरच्यांच्या दृष्टीने हेच मोलाचं. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याने बारा हजार रोख देऊन गाडी नेली तर आरटीओच्या दप्तरी ती दिवंगत वडिलांच्या नावे जिवंतच राहते. तिचे सुटे भाग, चेसिस नंबर, नंबर प्लेट कुठे वापरले जातील ते सांगता येत नाही, आणि पोलीस येतात ते आरसीवरच्या पत्त्यावर.

केंद्रात देण्याआधी तीन गोष्टी निस्तराव्या लागतात. बँकेचा बोजा उतरवायचा. मूळ मालक हयात नसल्याने मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा द्यायचा. एकाहून जास्त वारस असतील तर इतरांची लेखी संमती हाताशी ठेवायची. आणि गाडीवर थकलेलं ई-चलान किंवा पोलिसांची नोंद नाही ना हे पाहायचं. केंद्रही तोडण्याआधी गाडी चोरीच्या नोंदीत आहे का ते तपासतं. गाडी ठेवायचीच असेल, वडिलांची आठवण म्हणून दुरुस्त करून चालवायचीच असेल, तर नमुना ३१ भरून ती वारसाच्या नावे करणं आणि मग नूतनीकरण, हा दुसरा मार्ग. तोही सन्मानाचाच आहे. सोसायटीने त्यावर मत देण्याचं कारण नाही, कोणता मार्ग आणि किती दिवसांत एवढंच विचारावं.

हे सगळं समजल्यावर कमिटीने ४ जानेवारीच्या सभेत ठराव केला आणि सेक्रेटरीने दुसऱ्या दिवशी नोटीस दिली. तिचा मजकूर असा :

‘दि. ५ जानेवारी २०२६. सदनिका क्र. ३०२ च्या सभासद यांस, सप्रेम नमस्कार. विषय : पार्किंग जागा क्र. १७ वरील वाहन.

आपणांस वाटप झालेल्या जागा क्र. १७ वर उभे असलेले वाहन दि. १ ऑक्टोबर २०२५ ते दि. १ जानेवारी २०२६ या ९२ दिवसांत हललेले नाही. या काळातील चार दिनांकित फोटो सोबत जोडले आहेत. वाहनाखाली तेल सांडत असून डिकीच्या कडेला पाणी साठते. संस्थेच्या दि. १४ सप्टेंबर २०२५ च्या वार्षिक सभेत मंजूर झालेल्या पार्किंग नियमांनुसार हे वाहन वापरात नसलेले ठरते. नियमांची प्रत सोबत आहे.

दि. ४ जानेवारी २०२६ च्या व्यवस्थापक समितीच्या ठरावानुसार आपणांस विनंती की, ही नोटीस मिळाल्यापासून ७ दिवसांत साठलेले पाणी काढून वाहन झाकून घ्यावे, आणि ३० दिवसांत खालीलपैकी एक करावे : वाहन चालू करून त्याची वैध नोंदणी व विमा दाखवावा, अथवा वाहन नोंदणीकृत भंगार केंद्रात देऊन जमा प्रमाणपत्राची प्रत संस्थेस द्यावी, अथवा वाहन अन्यत्र हलवावे, अथवा विलंबाचे कारण व अपेक्षित तारीख लेखी कळवावी.

यांपैकी काहीही न झाल्यास जागेचे वाटप रद्द का करू नये, याबाबत रविवार दि. ८ फेब्रुवारी २०२६ रोजी सकाळी ११ वाजता संस्थेच्या कार्यालयात आपले म्हणणे ऐकले जाईल. आपण स्वतः अथवा लेखी अधिकार दिलेली व्यक्ती येऊ शकते. बँकेचा बोजा उतरवणे अथवा वारसांच्या कागदांबाबत संस्थेकडून सदनिकेचा दाखला हवा असल्यास तो विनाशुल्क दिला जाईल. व्यवस्थापक समितीच्या आदेशावरून, सचिव.’

या नोटिशीत ‘भंगार’ हे विशेषण गाडीला लावलेलं नाही. जे दिसतं ते आणि ज्या तारखांना दिसतं त्या तारखा आहेत. कोणत्या सभेने काय ठरवलं ते आहे, कारण सेक्रेटरीला स्वतःच्या मर्जीने नोटीस काढता येत नाही; तो समितीच्या वतीने सही करतो. डासांसाठी मुदत वेगळी आणि लहान आहे. गाडी जप्त करण्याचा, विकण्याचा शब्दही नाही. शेवटी जे होऊ शकतं ते जागेचं वाटप रद्द होणं, आणि तेही ऐकून घेतल्यावर.

नोटीस पोचवण्यातही गोंधळ होतो. बोर्डावर लावलेली किंवा ग्रुपवर टाकलेली नोटीस पोचली असं धरू नये. शिवाय एका सभासदाची बाब बोर्डावर लावून त्याची शोभा करण्याचं कारण नाही. हातात देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह सही घ्यावी. घेत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवून पोचल्याचा पुरावा फाइलला लावावा. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच सामील झालं आहे, त्यामुळे जुन्या नमुन्यांतलं ‘रजिस्टर्ड एडी’ बदलून घ्यावं. सभासद बाहेरगावी असेल तर त्याने संस्थेला दिलेल्या ईमेलवर आणि कळवलेल्या पत्त्यावर, अशी दोन्हीकडे पाठवावी.

आणि तरीही उत्तर आलं नाही तर? सुनावणीला कोणी आलं नाही याची इतिवृत्तात नोंद करून समितीने वाटप रद्द करण्याचा ठराव करावा आणि तो कळवावा. उपविधींचा भंग म्हणून दंड लावायचा असेल तर २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे आधी कारणे दाखवा नोटीस, मग म्हणणं ऐकणं, आणि रक्कम ठरवणार सर्वसाधारण सभा. वर्षाला जास्तीत जास्त ५,००० रुपये. दिवसाला ५०० रुपये दंड, असे बोर्ड काही सोसायट्यांत दिसतात. ते या मर्यादेत बसत नाहीत आणि आव्हान दिलं की पडतात. बिलात परस्पर दंड टाकून सभासदाला थकबाकीदार ठरवण्याचा मोहही आवरायला हवा.

वाटप रद्द होऊनही गाडी तिथेच राहिली, तर मार्ग सहकार न्यायालयाचा. पार्किंगचा वाद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली तिथे जातो, उपनिबंधकाकडे नाही. उपनिबंधकाच्या कार्यालयात अर्ज देऊन महिनोन् महिने वाट बघणाऱ्या समित्यांचा वेळ तिथेच जातो. दावा दाखल करताना गाडी हलवण्याचा आदेश मागायचा असतो. तो आदेश मिळाला की मग संस्था गाडी हलवू शकते, त्याआधी नाही. तिथवर जायला वकिलाची फी आणि पुष्कळ काळ लागतो, हे समितीने आधीच समजून असावं. चार फोटो, ठराव, पोच, इतिवृत्त यांची फाइल तयार असेल तर निदान पुरावा गोळा करण्यात वर्ष जात नाही.

आपल्या उदाहरणात तिथवर जावं लागलं नाही. मुलाने नोटीस मिळताच ईमेलवर उत्तर दिलं, बँकेचं पत्र यायला तीन आठवडे लागतील असं कळवून मार्चअखेरपर्यंत मुदत मागितली, आणि समितीने ती लेखी दिली. पाणी दुसऱ्याच दिवशी काढलं गेलं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात भंगार केंद्राची गाडी येऊन ती घेऊन गेली. नेताना सेक्रेटरीने गेट पासवर नंबर, वेळ आणि नेणाऱ्याची सही घेतली, जमा प्रमाणपत्राची प्रत पार्किंगच्या फाइलला लावली. काकूंनी जागा सोडत असल्याचं पत्र दिलं, एप्रिलच्या बिलातून पार्किंगची रक्कम कमी झाली, आणि समितीच्या पुढच्या सभेत १७ नंबर वेटिंग लिस्टवरच्या पहिल्या सभासदाला देण्यात आला.